चार ठिपके आणि १.६१८

सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे १.६१८, पिरॅमिडमध्ये आहे, सुंदर चेहऱ्यात आहे, वास्तूतही आहे, असे सांगणारे मेसेज सतत फिरत असतात. त्यातल्या बहुतेक दाव्यांत मापे सोयीने घेतलेली असतात. पण हा आकडा खरोखर जिथे उगवतो, ती एक जागा कागदावर चार ठिपके काढून पाहता येते.

ठिपके एका ओळीत काढा आणि शेजारच्या ठिपक्यांना रेघेने जोडा. हा झाला ग्राफ. एका पावलात रेघेवरून शेजारच्या ठिपक्यावर जायचे, मागे फिरलात तरी चालेल. टोकाच्या ठिपक्यापासून निघून दहा पावलांच्या वेगवेगळ्या चाली किती?

प्रत्येक ठिपक्यावर १ लिहा. मग दर फेरीला प्रत्येक ठिपक्यावरचा आकडा पुसून तिथे शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज लिहा. आकडे असे बदलतात: १,१,१,१; मग १,२,२,१; मग २,३,३,२; मग ३,५,५,३. ठिपक्यावर जो आकडा येतो, त्या ठिपक्यापासून निघणाऱ्या, फेऱ्यांइतक्या पावलांच्या चाली नेमक्या तेवढ्याच, कारण पहिले पाऊल कुठल्या तरी शेजाऱ्यावर पडते आणि उरलेली चाल त्याची असते. कोण कोणाचा शेजारी हे ०-१ च्या सारणीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडले, तर एक फेरी म्हणजे त्या सारणीने एकदा गुणणे.

आता खरी गंमत. सुरुवातीला १, १.६१८, १.६१८, १ लिहून बघा. टोकाला नवा आकडा १.६१८ येतो. आतल्या ठिपक्यावर १ + १.६१८ = २.६१८, म्हणजे १.६१८ चा वर्ग. फेरीनंतर रचना तीच राहिली, फक्त सगळे आकडे १.६१८ पट झाले! असा पट म्हणजे सारणीचे आयगेनमूल्य. १, −०.६१८, −०.६१८, १ ही रचनाही अशीच वागते, तिचा पट −०.६१८.

चारही एक असलेली आपली सुरुवात म्हणजे पहिल्या रचनेचे ०.७२३६ भाग आणि दुसरीचे ०.२७६४ भाग यांची बेरीज. त्यामुळे n पावलांनंतर टोकाचा आकडा:

०.७२३६ × (१.६१८)ⁿ + ०.२७६४ × (−०.६१८)ⁿ

दहा पावलांना उत्तर ८९, वीस पावलांना १०,९४६. दुसरे पद झपाट्याने शून्याकडे जाते, म्हणून लांब चालींची वाढ सर्वांत मोठे आयगेनमूल्यच ठरवते. मात्र दशांश तोडून वापरले तर मोठ्या घातांना चूक फुगते. उत्तर पूर्णांकाजवळ येत नसेल तर तीच शंका घ्यावी. आणि एकाच ठिपक्यावर पुन्हा न येणाऱ्या वाटा या सूत्राने मोजता येत नाहीत, कारण सारणीला मागचे पाऊल आठवत नाही.

या ग्राफची उरलेली दोन आयगेनमूल्ये ०.६१८ आणि −१.६१८. जर्मन शास्त्रज्ञ एरिक ह्युकेल यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीने ब्युटाडाइनच्या चार कार्बनांच्या साखळीतल्या π-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या काढल्या, की हेच चार आकडे मिळतात.