दस्त ‘एक्झिक्यूट’ होतो म्हणजे काय? कोशातली एक नोंद वाचताना

गोव्यात घराजमिनीची जुनी कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये असतात आणि १९६१ नंतरची बहुतेक इंग्रजीत. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतल्या मराठी वाचणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्याच जागेचे खरेदीखत समजून घ्यायला इंग्रजी–मराठी कोश उघडावा लागतो. तिथे पहिल्याच वाक्यात ‘एक्झिक्यूटेड’ हा शब्द भेटतो: हे खरेदीखत म्हापसा येथे अमुक तारखेला ‘एक्झिक्यूट’ झाले. हा शब्द नीट लावला नाही, तर पुढच्या तारखांचा हिशेबच चुकतो.

मध्यम आकाराच्या कोशात या क्रियापदाची नोंद साधारणपणे अशी असते. पहिला अर्थ योजना किंवा आदेश पार पाडणे, अंमलात आणणे. दुसरा, ‘कायदा’ असा निर्देश देऊन, दस्तऐवज निष्पादित करणे; हुकूमनाम्याची बजावणी करणे. तिसरा, देहदंड देणे. घाईत वाचणारा पहिल्या अर्थावर थांबतो आणि ‘खरेदीखत अंमलात आले’ असे लिहून मोकळा होतो. वाक्य मराठीत सुरळीत वाटते, म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. पहिला अर्थ पहिला का, हे कोशाच्या प्रस्तावनेत पाहावे लागते, कारण काही कोश सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ आधी देतात, तर काही शब्दाचा सर्वांत जुना अर्थ. आपल्या वाक्याला कोणता अर्थ लागू पडतो, याच्याशी त्या क्रमांकाचा काहीही संबंध नसतो.

‘कायदा’ हा निर्देश आपल्याला दुसऱ्या अर्थापाशी आणतो, पण त्या एका निर्देशाखाली दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्यामध्ये अर्धविराम आहे. बहुतेक कोशांत स्वल्पविरामाने जोडलेले शब्द एकमेकांच्या जागी बऱ्याच अंशी चालतात; अर्धविराम आला की अर्थच्छटा बदलते. इथे कोणती छटा घ्यायची हे क्रियापदाच्या कर्मावरून ठरते. हुकूमनामा हे कर्म असेल तर कोर्टाने दिलेला निर्णय प्रत्यक्षात उतरवणे, म्हणजे बजावणी. दस्त हे कर्म असेल तर त्यावर सही करून तो विधिवत पुरा करणे, म्हणजे निष्पादन. चांगला कोश प्रत्येक छटेसोबत कर्मासह एक उदाहरण देतो, आणि माझ्या मते नोंदीतला तोच भाग सर्वांत आधी वाचावा, कारण तिथे शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो ते दिसते.

आता तारखांकडे येऊ. समजा, खतावर निष्पादनाची तारीख १२ मार्च आहे आणि उपनिबंधक कार्यालयातल्या नोंदणीची ३ जून. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे निष्पादनापासून साधारणपणे चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असतो. म्हणजे मुदत मोजायची ती १२ मार्चपासून. ‘अंमलात आले’ असे भाषांतर केले, तर १२ मार्चला जागेचा ताबाही मिळाला, सगळा व्यवहारच पुरा झाला, असा समज होऊ शकतो. मूळ वाक्य एवढेच सांगते की त्या दिवशी सही झाली. ताब्याचे कलम खतात वेगळे असते आणि ते तिथेच वाचायला हवे.

निवडलेला शब्द मराठी–इंग्रजी कोशात उलटा शोधून पाहावा. ‘निष्पादन’खाली ‘सिद्ध करणे, पार पाडणे’ असे सर्वसाधारण अर्थही सापडतात, म्हणजे कायद्याचा संदर्भ नसेल तर हा मराठी शब्दही मोघमच ठरतो. जुना कोश उघडणाऱ्यांनी इथे एक सावधगिरी बाळगावी. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी असे मूळ दाखवणारी अक्षरे आहेत. ती शब्द कुठून आला ते सांगतात. आज तो कोणाच्या तोंडी आहे किंवा कोणत्या कागदात शोभतो, ते सांगत नाहीत. ‘दस्त’ फारसीतून आला म्हणून तो जुनाट ठरत नाही. नोंदणीच्या कामात तो रोजचा आहे.

कोशाची मर्यादा याच्या पुढे सुरू होते. ‘निष्पादित केले’ बरोबर आहे, पण ते कार्यालयीन मराठी आहे. खरेदीखताच्या रूढ मराठी मसुद्यात दोन पक्षांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘अमुक तारखेला खत लिहून दिले’ हे लगेच कळते. ही जोडी कोशात ‘एक्झिक्यूट’खाली क्वचितच सापडेल, कारण तिथे शब्दाला शब्द दिलेला असतो आणि ही तर मसुद्याची भाषा आहे. म्हणून कार्यालयात द्यायच्या भाषांतरात ‘निष्पादित’ लिहावे, घरच्यांसाठीच्या टिपणात ‘सही करून लिहून दिले’ असे लिहावे, आणि दोन्हींत नोंदणीची तारीख वेगळ्या वाक्यात द्यावी.