घासलेला रुपया: ग्रेडिंगमधला ‘डिटेल्स’ हा शब्द आला कुठून

1911 चा पंचम जॉर्जचा रुपया नाणीवाल्यांना वेगळा सांगायला नको. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, तो लोकांना डुक्कर वाटला आणि एवढा बोभाटा झाला की पाडलेल्या साधारण 94 लाखांपैकी 7 लाखच बाहेर आले, बाकीचे वितळवले, आणि 1912 पासून हत्तीला नीट सोंड आली. आमच्या आजीच्या डब्यात असा एक होता. दर लक्ष्मीपूजनाला त्याला चिंच लावायची आणि रांगोळीने घासायचं, घरात कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, चांदी लखलखली पाहिजे बस. पुढे मी तो ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून दर्जाचा आकडा देऊन डबीत सील करणाऱ्या कंपनीकडे पाठवला तर परत आला तेव्हा डबीवर आकडा नव्हताच, नुसतं ‘एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड’. म्हणजे झीज कमी आहे, हत्ती दिसतोय, पण नाणं साफ केलंय म्हणून नंबर नाही.

आधी ग्रेडचे फक्त शब्द होते, गुड, फाईन, आणि व्यापारी-व्यापारी त्याचा अर्थ वेगळा. फाईनवर तर आजही माणसं फसतात. शब्दावरून वाटतं नाणं छान असेल, पण फाईन म्हणजे चांगलंच झिजलेलं, अक्षरं सगळी वाचता येतात पण केसांचे, दागिन्यांचे बारकावे गेलेले.

आकडे आले 1949 मध्ये. एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या देशातल्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी पट्टी काढली. ही पट्टी मुळात किमतीची होती हे बरेच जण विसरतात. प्रत्येक प्रकाराला एक मूळ किंमत धरायची आणि तिला ग्रेडच्या आकड्याने गुणायचं, म्हणजे 20 ग्रेडचं नाणं 1 ग्रेडच्या नाण्याच्या वीसपट किमतीचं. बाजारभाव बदलले तसा हा गुणाकार काही वर्षांतच कोलमडला, आकडे मात्र राहिले, 1970 च्या दशकात ते सगळ्याच नाण्यांना लागले आणि 1980 च्या दशकाच्या मध्यावर नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत सील करणाऱ्या कंपन्या आल्यावर 60 ते 70 मधला एकेक आकडा वेगळा मोजायला लागले.

माझ्या मते सगळं तिथेच बदललं. 60 च्या खाली तुम्ही झीज मोजता, गाल किती सपाट झालाय, मुकुटातले मणी किती उरलेत वगैरे. पण 60 च्या वर झीज नसतेच, मग मोजायचं काय, तर नुसता पृष्ठभाग. ठसा बसतो तेव्हा दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. त्यांच्यामुळेच नाणं दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. लस्टर म्हणतात ते हे. पॉलिश वेगळं, पॉलिशमध्ये सगळीकडे एकसारखी चमक असते, पट्टे फिरत नाहीत. घासलं की या रेषाच जातात, आणि धातूवरून गेलेल्या रेषा परत आणता येत नाहीत.

त्याआधी साफ करणं हा गुन्हा नव्हता हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपण चिंच-रांगोळीवाल्या आज्यांना फार बोल लावतो. मोठमोठे संग्राहक चक्क सायनाइडने नाणी धुवायचे. 1922 मध्ये लंडनच्या हॉटेलात एक अमेरिकन संग्राहक असाच नाणी साफ करत बसला होता, शेजारी प्यायचा ग्लास होता, त्याने चुकून सायनाइडचा उचलला आणि तिथेच गेला.

आता खरा वादाचा शब्द, डिप. चांदी काळी पडते म्हणजे हवेतलं, रबरबँडमधलं किंवा जुन्या पाकिटाच्या कागदातलं गंधक चांदीशी जोडलं जातं आणि वर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असताना पिवळा, मग जांभळा, निळा, शेवटी काळा. डिप म्हणजे थायोयुरिया आणि आम्लाचं पाणी, त्यात नाणं काही सेकंद बुडवलं की थर विरघळतो आणि नाणं पांढरंशुभ्र होतं. आता त्या थरातली चांदी नाण्याचीच होती ना, ती थरासकट गेली, म्हणजे रेषांची टोकं थोडी बोथट झाली. एकदा केलं तर डोळ्याला कळतही नाही. तीन-चारदा केलं तर नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं, पट्टे फिरत नाहीत. फॉइल आणि सोड्याचा घरगुती प्रयोग त्याहून फसवा, कारण त्यात सल्फाइडची परत चांदी होते खरी, पण ती चांदी जुन्या रेषांमध्ये बसत नाही, वर भुसभुशीत मॅट थर होऊन बसते.

घासलेल्या नाण्याला नंबर द्यायचा नाही हे लवकर ठरलं, पण डिप केलेल्याचं काय? बाजाराने ठरवलं की लस्टर शिल्लक असेल तर चालेल, नंबर मिळेल. त्यांची बाजू अशी की जुन्या पांढऱ्या चांदीच्या नाण्यांपैकी कितीतरी कधी ना कधी डिप झालेली आहेत, सगळी बाद केली तर विकायचं काय. मला हे पटत नाही. दोन्हीकडे मूळ धातूच जातो, एकाचे ओरखडे दिसतात आणि दुसऱ्याचे दिसत नाहीत एवढाच फरक, म्हणजे नियम साफ करण्याविरुद्ध नाहीच, पकडलं जाण्याविरुद्ध आहे. आणि यामुळे लोक सुंदर निळसर झालेली नाणीसुद्धा जास्त आकडा मिळेल म्हणून बुडवत सुटले.

सुरुवातीला घासलेली नाणी कंपन्या सरळ परत पाठवायच्या, साध्या पाकिटात, ग्रेड नाही आणि फी गेली. मग अस्सल पण बिघडलेल्या दुर्मिळ नाण्यांचं काय करायचं म्हणून 2000 नंतरच्या दशकात डिटेल्सचं लेबल हळूहळू रूढ झालं. माझ्या रुपयाच्या डबीवरचा शब्द तो हा.

तो रुपया मी आता एका दिव्याखाली धरून बघतो तेव्हा चिंच-रांगोळीचा सगळा हिशोब दिसतो. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे, सगळे एकाच दिशेला, कारण अंगठा त्याच दिशेने फिरायचा. मोकळी जागा पांढरी आणि अक्षरांच्या कडेला काळी घाण तशीच, कारण बोट तिथे पोचत नाही. वापरात पडलेले ओरखडे कुठेही कसेही असतात, हे शिस्तीत आहेत. शिवराईला तर भिंगही लागत नाही, चिंचेतलं आम्ल तांब्याचा तपकिरी थर खाऊन टाकतं आणि खाली कच्चा गुलाबी रंग येतो, तीनशे वर्षांत जमलेला तो तपकिरी नंतर परत तसा बसत नाही.

करायचंच असेल तर शुद्ध अॅसिटोन, काचेच्या वाटीत, न चोळता, आणि मग हवेतच वाळू द्यायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात वास आणि तेल असतं. अॅसिटोन धातूला हात लावत नाही, फक्त तेलकटपणा, टेपचा चिकटा आणि मऊ पीव्हीसी पाकिटांतून उतरलेला हिरवा चिकट थर काढतं. काळेपणा त्याने जात नाही आणि तो तसाच ठेवायचा. आजीचा रुपया मी डिप केला नाही, खोबणीतली काळी घाणही तशीच ठेवली आहे, नंबर तसाही येणार नाही.