पहाटे चारचा एसी

रात्री अकराला २४ अंश अगदी हवेसे वाटतात आणि पहाटे चारला त्याच २४ अंशांत आपण चाचपडत पांघरूण शोधतो. एसी दोन्ही वेळी तेच काम करत असतो, बदललेलं असतं आपलं शरीर. झोप लागताना हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं तापमान उतरत पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येतं. स्वप्नांची झोपही उत्तररात्रीच जास्त असते आणि तिच्यात कुडकुडून ऊब आणण्याची यंत्रणा जवळजवळ थंडावलेली असते.

म्हणून काही जण दोन वाजता एसी बंद होईल असा टायमर लावतात. पण बंद खोली लगेच तापू लागते, आतल्या थंड नळ्यांवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं आणि तासाभरात घामानं जाग येते. त्यापेक्षा स्लीप मोड बरा. बऱ्याच एसींमध्ये तो तासागणिक एकेक अंश वाढवतो आणि दोनेक अंशांवर थांबतो. अकराला २५ ठेवले, तर एकच्या सुमारास २७ होतात. सोबत पंखा मंद ठेवला की हे २७ जड जात नाहीत. टायमर लावायचाच, तर उठण्याआधी तासभर एसी बंद होईल असा लावावा.

आता एसीत झोपल्यावर सकाळी कोरड्या पडणाऱ्या घशाचं. एसी हवा कोरडी करतो हे खरं, पण सगळा दोष त्याचा नाही. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि पूर्ण दमट व्हावी लागते. म्हणजे एका घनमीटरमागे सुमारे ४४ ग्रॅम बाष्प. खोली २४ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १३ ग्रॅम हवेतच मिळतात आणि ३१ आपल्याला घालावे लागतात. एसीनं आर्द्रता ४० टक्क्यांवर आणली, तर ३५ घालावे लागतात. फरक चारच ग्रॅमचा! घसा खरा सुकतो तो तोंडानं श्वास घेतल्यानं, कारण नाक उच्छ्वासातलं थोडं बाष्प परत पकडतं, तोंडाला ते फारसं जमत नाही. रोज सकाळी घसा कोरडा आणि नाक चोंदलेलं असेल, तर आधी एसीचा फिल्टर काढून धुवावा. ‘ड्राय’ मोड या तक्रारीवर लावू नये, तो हवेतली वाफ काढण्यासाठीच असतो.

सकाळी आखडलेल्या मानेचं कारण बहुधा तापमानाच्या आकड्यापेक्षा झोताच्या दिशेत सापडतं. एकाच बाजूला तासन्‌तास गार वारा लागला की तिथले स्नायू आवळून धरले जातात, आणि झोपेत आपण फार हलतही नाही. तपासायला सोपं आहे: मान आणि गाल ओल्या हातानं पुसून नेहमीच्या उशीवर पाच मिनिटं पडा. एकच बाजू गारठली, तर झोत तिथे पोचतोय. एसीच्या पट्ट्या आडव्या करून तो छताकडे वळवा. गार हवा जड असते, ती आपसूक खाली उतरते. तरीही गारठा जाणवला, तर उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला न्या.