डेटासेट शोध

डेटासेट शोध म्हणजे हवा तो तक्ता किंवा खुला डेटा त्याच्या अंगच्या गोष्टी सांगून शोधायचा: त्यात कॉलम कुठले आहेत, आकडे कुठल्या एककात आहेत, कुठला भूभाग आणि कुठला काळ त्यात येतो, आणि नवीन आकडे केव्हा केव्हा पडतात. नेहमीचा वेब सर्च मजकुरावर चालतो, पण तक्त्यात मजकूर जवळजवळ नसतोच, वर तीन-चार अक्षरांची कॉलमची नावं आणि खाली नुसते आकडे, त्यामुळे शोधयंत्राच्या हाताला जे लागतं ते तक्त्याच्या बाहेर कुणीतरी लिहून ठेवलेलं वर्णन, म्हणजे मेटाडेटा. वर्णनात जे नाही ते शोधात येत नाही, मग तक्त्यात ते कितीही ठळक असो.

सुरुवात

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. खुल्या डेटाच्या चळवळीतले लोक 2009 सालच्या अमेरिकन सरकारच्या data.gov या पोर्टलपासून आणि त्याच्या पाठोपाठ 2010 मध्ये आलेल्या ब्रिटनच्या data.gov.uk पासून मोजतात. ग्रंथालयशास्त्राकडून आलेले लोक 1995 च्या डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या शब्दसंग्रहाकडे बोट दाखवतात, आणि समाजशास्त्रवाल्यांच्या मते 1962 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आयसीपीएसआर या डेटा संग्रहालयातच हे काम आधी उभं राहिलं, कारण सर्वेक्षणातला एकेक प्रश्न, म्हणजे एकेक कॉलम, नोंदवून ठेवायची शिस्त तिथे होती. भूविज्ञानाची बाजूही तगडी आहे. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी जागतिक डेटा केंद्रं निघाली, नंतर साधारण 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात नासाकडे उपग्रहांच्या डेटाची सूची तयार झाली, आणि 1994 मध्ये अमेरिकन सरकारने नकाशांच्या डेटासाठी मेटाडेटाचं प्रमाणित रूप ठरवलं. कॉलम, एकक, व्याप्ती आणि अपडेट या चारही गोष्टींचा एकत्र विचार करायचा असेल तर या शेवटच्या परंपरेचा हक्क जास्त दिसतो, कारण तिथे अक्षांश-रेखांशाची चौकट आणि देखभालीची वारंवारता हे वर्णनाचे ठरलेले भाग होते. पोर्टलवाल्यांनी त्यातलं बरंच नंतर उचललं.

वेबवर हे पसरलं ते दोन शब्दसंग्रहांमुळे. 2014 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीने डेटासेटच्या सूचीसाठी डीकॅट ही शिफारस काढली, जी सीकॅनसारख्या पोर्टल सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणाऱ्या नोंदींचा सांगाडा झाली, आणि दुसरीकडे वेबपानावरच्या माहितीला खुणा लावायच्या schema.org या शब्दसंग्रहातला Dataset हा प्रकार, ज्याच्या जोरावर गूगलने सप्टेंबर 2018 मध्ये डेटासेट सर्च सुरू केलं आणि जानेवारी 2020 मध्ये ते बीटातून बाहेर काढलं, तेव्हा त्यात सुमारे 2.5 कोटी डेटासेटची नोंद होती. हे यंत्र फाइल उघडून आतले कॉलम बघत नाही, पानावर एम्बेड केलेला मजकूर वाचतं, त्यातला एक तुकडा असा:

```json
{
  "@type": "Dataset",
  "temporalCoverage": "1991-01-01/..",
  "variableMeasured": {
    "@type": "PropertyValue",
    "name": "monthly precipitation total",
    "unitText": "mm"
  }
}
```

यात temporalCoverage मधले शेवटचे दोन टिंब म्हणजे काळ अजून चालू आहे, मालिका बंद पडलेली नाही. अडचण अशी की डेटासेटचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन सगळे भरतात, पण variableMeasured आणि unitText बरेच प्रकाशक रिकामे सोडतात, आणि एककावर गाळणी लावायची सोय बहुतेक सर्च पानांवर नसते.

एक शोध, पावसाचा

चारही गोष्टी एकत्र कशा वागतात ते पावसाच्या डेटात सगळ्यात स्वच्छ दिसतं. समजा हवंय ते असं: 55 अंश उत्तर अक्षांशाजवळच्या एका नदीखोऱ्याचा महिन्याचा एकूण पाऊस, मिलिमीटरमध्ये, 1991 ते 2020 आणि पुढेही चालू. ही तीस वर्षं म्हणजे हवामानाची सध्याची प्रमाण सरासरी ज्या काळावर काढतात तोच काळ.

पहिला घोळ कॉलमच्या नावाचा. अमेरिकेच्या नोआ संस्थेकडून येणाऱ्या जीएचसीएन-डेली या केंद्रनिहाय संग्रहात पाऊस PRCP या नावाने असतो, युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए5 या मॉडेलने काढलेल्या मालिकेत tp, आणि हवामान मॉडेलांच्या फाइलींमध्ये pr. सर्च पेटीत नुसतं रेनफॉल टाकलं तर यातलं काय सापडेल ते वर्णन लिहिणाऱ्यावर अवलंबून, म्हणून सीएफ नावाच्या संकेतप्रणालीतलं प्रमाण नाव माहीत असणं फार कामाचं: precipitation_flux आणि precipitation_amount ही दोन वेगळी नावं आहेत, पहिलं पडण्याचा वेग सांगतं, दुसरं पडलेलं प्रमाण. शोधताना यातलं कुठलं टाकलं यावर पुढचं एककाचं निम्मं काम होऊन जातं.

एकक. इथे शांतपणे चुका होतात, कारण आकडा चुकीचा असूनही दिसायला ठीक दिसतो. जीएचसीएन-डेलीच्या मूळ फाइलीत PRCP हे मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतं, म्हणजे 254 लिहिलंय तर पाऊस 25.4 मिलिमीटर, आणि -9999 म्हणजे नोंदच नाही (हा आकडा बेरजेत गेला तर वर्षाचा पाऊस उणे येतो, निदान तेवढं लगेच कळतं). बर्फाचा SNOW कॉलम मात्र त्याच फाइलीत सरळ मिलिमीटरमध्ये, म्हणजे एका डेटासेटला एक एकक असं वर्णन केलं की ते खोटंच ठरतं, एकक कॉलमला चिकटलेलं पाहिजे. मॉडेलमधला pr दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलो या एककात येतो, त्याला 86400 ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर मिळतात, म्हणजे 0.00003 हा बिनमहत्त्वाचा वाटणारा आकडा प्रत्यक्षात दिवसाला साधारण 2.6 मिलिमीटर असतो.

ईआरए5 च्या मासिक फाइलीत सगळ्यात मोठा सापळा आहे. फाइलीत tp चं एकक नुसतं m म्हणजे मीटर लिहिलेलं असतं, पण मासिक सरासरीच्या फाइलीत त्याचा अर्थ दर दिवसाला मीटर असा घ्यायचा असतो, आणि ही गोष्ट फाइलीत न दिसता कागदपत्रांत सांगितलेली असते. जूनसाठी 0.002 आलं तर 1000 ने गुणून 2 मिलिमीटर, आणि मग 30 दिवसांनी गुणून 60 मिलिमीटर. जो शेवटचा गुणाकार विसरतो त्याच्या हाती महिन्याला 2 मिलिमीटर येतो, म्हणजे वाळवंट. ओळखायचं कसं, तर वर्षाची बेरीज करून त्या भागाच्या माहीत असलेल्या पावसाशी लावून बघायची: फरक सुमारे तीसपट असेल तर दिवस आणि महिना यांचा गोंधळ, दहापट असेल तर दशांश एककाचा, पंचवीसपटीच्या आसपास असेल तर बहुतेक इंच. मात्र तीस आणि पंचवीस एवढे जवळ आहेत की कोरड्या वर्षात ही परीक्षा फसू शकते, तेव्हा एका वर्षावर निकाल देऊ नये.

व्याप्ती. आता 55 अंश उत्तर ही अट लावली की उपग्रह आणि पर्जन्यमापक यांच्या मेळातून बनलेल्या चर्प्सची दुसरी आवृत्ती बाद होते. ती 1981 पासून आहे, काळ जुळतो, पण ती 50 अंश दक्षिण ते 50 अंश उत्तर एवढीच. वर्णनात तिला जवळपास जागतिक म्हटलेलं असतं आणि शोधाच्या गाळणीत जागतिक निवडलं तर ती खुशाल वर येते. जागेच्या नावावर विश्वास ठेवण्यापेक्षा चारही बाजूंचे अक्षांश-रेखांश दिलेली चौकट मागावी ती यासाठी. जीएचसीएन-डेलीत वेगळीच गोष्ट: संग्रह जगभराचा आहे पण खोऱ्यात केंद्रं किती आणि कधीपासूनची ते डेटासेटच्या वर्णनातून कळतच नाही, त्यासाठी ghcnd-inventory.txt ही फाइल उघडावी लागते, तिच्यात प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक घटकाचं पहिलं आणि शेवटचं वर्ष असतं. तेही अपुरं, कारण 1991 आणि 2020 दोन्ही वर्षं तिथे दिसली तरी मधली दहा वर्षं केंद्र बंद असू शकतं. ही पोकळी फक्त प्रत्यक्ष आकडे मोजूनच सापडते.

अपडेट. या एका शब्दाखाली तीन गोष्टी दडपल्या जातात आणि जवळजवळ सगळ्या पोर्टलांवर त्यांची सरमिसळ होते. आकडे किती काळाच्या अंतराने मोजलेत ही एक, नवीन आकडे किती काळाने प्रसिद्ध होतात ही दुसरी, आणि मोजल्यापासून प्रसिद्ध होईपर्यंत किती उशीर लागतो ही तिसरी. ईआरए5 चे आकडे तासाचे, प्रसिद्धी रोजची, उशीर साधारण 5 दिवसांचा, वर हे आकडे आधी प्राथमिक असतात आणि दोन-तीन महिन्यांनी पक्के होतात. मासिक म्हणून नोंदवलेला डेटासेट महिन्याच्या आकड्यांचा आहे की महिन्याला अपडेट होतो, हे त्या एका शब्दावरून सांगता येत नाही. डीकॅटने यातल्या दोघांना वेगळं केलंय: dct:accrualPeriodicity प्रसिद्धीसाठी, आणि 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून dcat:temporalResolution मोजणीच्या अंतरासाठी. अमेरिकन पोर्टलांच्या नोंदीत पहिल्याची किंमत R/P1M अशी दिसते, म्हणजे दर महिन्याला पुन्हा. उशीर मात्र वर्णनाच्या मजकुरात शोधावा लागतो.

शिवाय जाहीर केलेली वारंवारता हा प्रकाशकाचा इरादा असतो. मासिक लिहिलेली मालिका दोन वर्षांपूर्वी थांबलेली असू शकते, आणि पानावरची शेवटची अपडेट तारीख तरीही मागच्या आठवड्याची, कारण कुणीतरी वर्णनातलं स्पेलिंग दुरुस्त केलं. सीकॅनमध्ये हा फरक धरता येतो: metadata_modified नोंद बदलल्याची तारीख देतं आणि जोडलेल्या फाइलीवरचं last_modified फाइलीची. दोन्हींपेक्षा खात्रीचा मार्ग एकच, तारखेच्या कॉलममधली सगळ्यात मोठी तारीख बघायची.

या खोऱ्यासाठी शेवटी दोन राहतात, सलग आणि चालू मालिका हवी तर ईआरए5, प्रत्यक्ष मोजलेला पाऊस हवा तर जीएचसीएन-डेलीतली पोकळ्या तपासून निवडलेली केंद्रं. दोघांत केंद्रांना प्राधान्य द्यावं असं वाटतं, कारण ईआरए5 चा पाऊस मॉडेलने काढलेला असतो, पण केंद्रं मोजकीच असतील तर खोऱ्याची सरासरी त्यांच्या जागांवर फार झुकते.

आतल्या आकड्यांवरून शोध

वर्णनावर न विसंबता थेट तक्ते वाचायचा प्रयत्नही झालाय. 2008 सालच्या वेबटेबल्स या कामात वेबवरच्या 14.1 अब्ज एचटीएमएल तक्त्यांतून सुमारे 15.4 कोटी खरेखुरे डेटाचे तक्ते निघाले, बाकीचे बहुतेक पानाची मांडणी जुळवायला वगैरे वापरलेले होते. नंतरच्या पद्धती एका तक्त्याशी जोडता येईल असा दुसरा तक्ता शोधतात, दोन कॉलममधली किती मूल्यं समान आहेत यावरून. देशांची नावं, केंद्रांचे कोड यांवर हे छान चालतं. आकड्यांच्या कॉलमवर कमी चालतं: 25.4 आणि 254 हा एकच पाऊस आहे हे नुसत्या समान मूल्यांवरून ओळखता येत नाही, आणि 0 ते 40 मधला कॉलम तापमानाचा, वयाचा की पावसाचा हे शेजारचे कॉलम पाहिल्याशिवाय ठरत नाही.