विडी व हुक्का : धूर आणि फुप्फुसे

विडी व हुक्का हे भारतातील धूम्रपानाचे दोन जुने प्रकार. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या धुराची सिगारेटच्या धुराशी तुलना केली आहे. विडीचे पान आणि हुक्क्यातील पाणी या दोन गोष्टींचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे, कारण हे दोन्ही प्रकार सिगारेटपेक्षा सौम्य आहेत, हा समज मुख्यतः त्यांवरच उभा आहे.

विडीचा उगम नेमका कोठे झाला याविषयी एकमत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडा व पंचमहाल या भागांत मजूर उरलेली तंबाखू झाडाच्या पानात गुंडाळून ओढू लागले, असे बऱ्याच संदर्भग्रंथांत म्हटले आहे. मात्र ही तारीख अंदाजानेच घ्यावी लागते. हा प्रदेश वडोदऱ्याला लागूनच आहे. खेडा-आणंद भागातील चरोतर पट्ट्यातले पेटलाद तर गायकवाडांच्या बडोदे संस्थानातच होते, आणि विडीची तंबाखू आजही प्रामुख्याने चरोतरात पिकते. सुरुवातीची विडी आपट्याच्या पानाची असे. वडोदऱ्यातील मराठी घरांत दसऱ्याला सोने म्हणून वाटतात तेच हे पान. टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे, पान नंतर आले. १८९९ च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात गुजरातेतून बरेच लोक पोटापाण्यासाठी बाहेर पडले. त्याच सुमारास रेल्वेच्या कामासाठी जबलपूरकडे गेलेल्या मोहनलाल व हरगोविंददास पटेल या बंधूंनी तेंदूचे पान वापरण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते. त्याआधी मध्य भारतातील जंगलांत कोणी हे पान वापरत नव्हते, असे यावरून ठरत नाही. पटेल बंधूंनी व्यापार उभा केला आणि त्यांच्यामुळे तेंदूचे पान सर्वत्र पसरले, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. धुराच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरतो, कारण विडीच्या धुरातील बरेच दोष पानामुळे येतात.

एका विडीत साधारण ०.१५ ते ०.२५ ग्रॅम तंबाखू असते, तर सिगारेटमध्ये ०.७ ग्रॅमच्या आसपास. ‘विडी म्हणजे पाव सिगारेट’ हा हिशेब येथूनच आला. पण तंबाखूच्या वजनावरून धुराची मात्रा ठरत नाही. सिगारेटचा कागद मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो. त्यातून आत शिरणारी हवा धूर पातळ करते, आणि दोन झुरक्यांच्या मध्येही सिगारेट जळत राहते. तेंदूचे पान जाड असते व त्यातून हवा जवळपास जात नाही. त्यामुळे विडी सारखी ओढली नाही तर विझते. विडी ओढणारा दर मिनिटाला अधिक झुरके घेतो, प्रत्येक झुरका जोर लावून ओढतो, आणि कोंडलेल्या हवेत अर्धवट जळालेल्या पानाचा व तंबाखूचा धूर पातळ न होताच छातीत जातो. शिवाय पानाचे वजन आतल्या तंबाखूइतके, कित्येकदा त्याहून अधिक असते. म्हणून विडीच्या धुराचा मोठा भाग पानाचाच धूर असतो. फिल्टर तर नसतोच.

अर्धवट ज्वलनाचे परिणाम प्रयोगशाळेतही दिसले आहेत. हॉफमन, मुंबईचे एल. डी. संघवी व विंडर यांनी १९७४ मध्ये भारतीय विडी व अमेरिकी सिगारेट यांच्या धुराचे पृथक्करण प्रसिद्ध केले. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड व फिनॉल यांचे प्रमाण जास्त आढळले. बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगेही अधिक होती. २००३ मध्ये अमेरिकेतील मोजणीतही विडीच्या धुरात निकोटिन, डांबर म्हणजे धुरातील चिकट कण, व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक निघाले. मात्र मोजणीची यंत्रे ठरावीक आकाराचा झुरका ठरावीक अंतराने घेतात. विडी विझू नये म्हणून तिच्यासाठी झुरके वारंवार घ्यावे लागतात. त्यामुळे दोन्हींचे आकडे अगदी समोरासमोर ठेवताना जपून राहावे लागते. वारंवार झुरके घेण्याची ही सक्ती विडी ओढणाऱ्यालाही चुकत नाही, आणि त्याची फुप्फुसे ती सोसतात.

माणसांच्या पाहण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. मुंबईतील मोठ्या समूह-अभ्यासात (निष्कर्ष २००५) धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत विडी ओढणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका १.६४ पट व सिगारेट ओढणाऱ्यांचा १.३७ पट आढळला. त्यानुसार विडी अधिक घातक ठरते. प्रभात झा व सहकाऱ्यांच्या २००८ च्या देशव्यापी अभ्यासात विडीमुळे पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर सिगारेटमुळे सुमारे १० वर्षांनी घटते असे दिसले. विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य सुमारे ८ वर्षांनी घटते. दुसऱ्या अभ्यासाचा आधार घेऊन काही जण विडीला कमी धोक्याची म्हणतात. पण सहा वर्षांचे आयुष्य जाणे याला सौम्य म्हणता येत नाही, आणि विडी ओढणारा वर्ग गरीब व कष्टकरी असल्याने क्षयाचा बोजाही त्याच्यावरच अधिक पडतो. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने होणारे मृत्यू वाढतात हे त्याच अभ्यासात स्पष्ट दिसते. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले, तर विडी सिगारेटपेक्षा सुरक्षित आहे हे त्यांतून सिद्ध होत नाही, असेच म्हणावे लागते.

‘विडी म्हणजे पाव सिगारेट’ या वजनावरून केलेल्या हिशेबाचा दवाखान्यात कसा तोटा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, वडोदऱ्यातील पन्नाशीच्या एका माणसाने पंचवीस वर्षे रोज वीस विड्या ओढल्या आहेत. सकाळी खोकला व कफ येतो, आणि मांडवीच्या बाजारातून चालत घरी येताना धाप लागते. डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले, तर तो खरेच ‘नाही’ म्हणतो. विडीबद्दल वेगळे विचारावे लागते. भारतात प्रचलित असलेल्या धूम्रपान निर्देशांकात रोजच्या नगांना वर्षांनी गुणतात, आणि ३०० च्या वर भारी धूम्रपान मानतात. त्याचा निर्देशांक २० × २५ म्हणजे ५०० येतो. पाश्चात्त्य पद्धतीत रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट वर्षभर ओढले की एक पाकीट-वर्ष धरतात. त्या पद्धतीत विडीला पाव सिगारेट मानले, तर त्याच्या वीस विड्या रोजच्या पाच सिगारेटी होतात, आणि पंचवीस वर्षांची बेरीज अवघी ६.२५ पाकीट-वर्षे भरते. म्हणजे तोच माणूस एका हिशेबात भारी धूम्रपान करणारा, तर दुसऱ्यात किरकोळ. अशा वेळी स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकायला लावून फुप्फुसांतील हवा मोजण्याची चाचणी, करणे हाच खरा मार्ग. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन पुन्हा फुंकर घ्यायला लावली, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा जोराने सोडलेल्या एकूण हवेच्या ०.७० पेक्षा कमी भरली, तर दीर्घकालीन श्वासरोध आहे असे मानतात. साध्या क्ष-किरण चित्रात हा रोग सुरुवातीला बहुधा दिसत नाही.

हुक्क्याच्या बाबतीतही उगमाचा वाद आहे, आणि पाण्याविषयीचा समज त्या वादाशी जोडलेला आहे. अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी यांनी धूर पाण्यातून नेला तर तो निर्दोष होईल असे सुचवले व हुक्का बनवला, ही कथा सर्वत्र आढळते. पण त्यांचा मृत्यू १५८९ च्या सुमारास झाला. अकबराचा दरबारी असद बेग याच्या वृत्तांतानुसार विजापुराहून आणलेली तंबाखू अकबरापुढे आली ती १६०४-०५ च्या सुमारास. म्हणून ही कथा कालक्रमात नीट बसत नाही. इराणात असे साधन आधीपासून होते, असेही एक मत आहे. कथेची सत्यता कशीही असो, पाणी धूर शुद्ध करते ही कल्पना तिच्यामुळे रुजली. गावाकडच्या गुडगुडीपासून शहरातल्या काचेच्या हुक्क्यापर्यंत ती टिकून आहे.

पाणी प्रत्यक्षात काय करते? ते धूर थंड व ओलसर करते. पाण्यात विरघळणारे काही पदार्थ, त्यांत निकोटिनचाही काही भाग, भांड्यात राहतात. पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला तो वायू शुद्ध स्वरूपात असला, तरी एक लिटर पाणी फक्त २७ मिलिग्रॅमच्या आसपास धरून ठेवू शकते. डांबराचे अतिसूक्ष्म कण बुडबुड्याच्या आतच राहतात, आणि बुडबुडा क्षणार्धात वर येऊन फुटतो. थंड झालेला धूर घशाला टोचत नाही, आणि म्हणून तो अधिक खोल व अधिक वेळ ओढला जातो. घशाची जळजळ हा शरीराचा इशारा असतो. पाणी तो इशारा बंद करते, पण विष तसेच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार सिगारेट ओढणारा ८ ते १२ झुरक्यांत सुमारे अर्धा लिटर धूर घेतो. हुक्क्याच्या एका बैठकीत ५० ते २०० झुरके होतात, आणि प्रत्येक झुरका ०.१५ ते १ लिटरचा असतो. धुराच्या आकारमानावरून थेट ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी’ असे गणित मांडणे बरोबर नाही, कारण हुक्क्याचा धूर तितका दाट नसतो. घटकवार मोजणीच अधिक विश्वासार्ह. शिहादेह व सालेह यांच्या २००५ च्या प्रयोगात हुक्क्याच्या एका बैठकीतून १४५ मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघाला. एका सिगारेटमधून तो साधारण १० ते २० मिलिग्रॅम निघतो. हुक्क्यातून निघणाऱ्या या वायूचा मोठा भाग तंबाखूचा नसतो. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये चिलमीवरच्या कोळशाऐवजी विजेची शेगडी वापरून पाहिली. तेव्हा सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि जड कर्करोगकारक संयुगांपैकी बहुतांश कोळशातूनच येतात, असे दिसले.

बंद खोलीत तासभर हुक्का ओढणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, गरगरणे किंवा क्वचित बेशुद्धी येते, ती याच वायूमुळे. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा रक्ताला प्राणवायूयुक्तच समजतो, आणि ९८ टक्के दाखवतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन, मोजावे लागते. साध्या हवेत ते निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात, तर शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास.

गुजरातने २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती करून हुक्का बारवर बंदी आणली. त्यानंतर तंबाखूविरहित, ‘हर्बल’ हुक्क्याचे समर्थन अधिक होऊ लागले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक मोजणीत अशा मिश्रणाच्या धुरातून निकोटिन तेवढे वगळले गेले. कार्बन मोनॉक्साइड, डांबर व इतर विषारी घटक तंबाखूच्या हुक्क्याइतकेच किंवा अधिक आढळले, कारण कोळसा तोच होता.