लग्नाआधी गायनॅककडे गेलं की आतून तपासतातच?

"लग्न झालेलं नाही, पाळी दोन-दोन महिने येत नाही. गायनॅककडे गेले तर आतून तपासतील आणि सगळं कळेल ना?"

नाही. पहिल्या भेटीत मुख्यतः बोलणंच होतं: शेवटची पाळी कधी आली, किती दिवस चालली, दिवसाला किती पॅड लागतात, चेहऱ्यावर केस येतात का. तारखा लिहूनच न्या. मग वजन, बीपी आणि गरजेनुसार थायरॉइडसारख्या रक्ततपासण्या व पोटावरून सोनोग्राफी. तिच्यासाठी पाणी पिऊन लघवी रोखावी लागते. शरीरसंबंध आले नसतील तर आतून तपासणी सहसा टाळतात; लागलीच तर तुमची संमती हवी. आणि योनिपटल पाहून संबंध आले की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

खरी अडचण होते ती "लग्न झालंय का?" या प्रश्नाची, कारण शेजारी आई बसलेली असते. डॉक्टरांना त्यातून गर्भधारणेची शक्यता जाणून घ्यायची असते. "मला दोन मिनिटं एकटीनं बोलायचंय," असं सरळ सांगा. संबंध आले असतील तर लपवू नका. मग आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करावी लागते. वय १८ पूर्ण असेल तर तुमच्या परवानगीशिवाय हे घरच्यांना सांगणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही. तरीही कुणी उपदेश सुरू केला, तर फाइल घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.