कोंबडी बसली की बसवली?

भाचीच्या इंग्रजीच्या वहीत गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. एक वाक्य असं होतं: ‘द एग ___ इन द स्ट्रॉ ऑल नाइट.’ अंडं रात्रभर गवतात पडून होतं. पर्याय दोन, लाय आणि ले, आणि भूतकाळ करायचा. तिने आधी ‘लेड’ लिहिलं, मग खोडून ‘लाइड’ लिहिलं, तेही खोडलं. उत्तर ‘ले’ आहे म्हटल्यावर ती चिडलीच. ‘ले हा तर वर्तमानकाळ आहे. कोंबडी अंडी घालते, ते ले. मग हाच भूतकाळ कसा?’

तिची शंका रास्त होती. एल-ए-वाय या तीन अक्षरांत इंग्रजीने दोन वेगवेगळी क्रियापदं कोंबली आहेत. एक आहे ‘लाय’, म्हणजे पडून असणं, आडवं होणं. त्याचा भूतकाळ ‘ले’ आणि तिसरं रूप ‘लेन’. दुसरं आहे ‘ले’, म्हणजे ठेवणं, आडवं करणं, अंडं घालणं. त्याची पुढची दोन्ही रूपं ‘लेड’. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकाच अंगरख्यात वावरतात. ‘लाइड’ हे तिसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे, खोटं बोलणाऱ्या ‘लाय’चं. ‘ही लाइड ऑन द बेड’ असं लिहिलं तर तो पलंगावर बसून थापा मारत होता, एवढाच अर्थ निघेल.

अशाच आणखी दोन जोड्या आहेत, त्या तुलनेने साध्या. राइज म्हणजे स्वतः वर जाणं: राइज, रोज, रिझन. रेझ म्हणजे वर उचलणं, वाढवणं: रेझ, रेझ्ड, रेझ्ड. सिट म्हणजे बसणं: सिट, सॅट, सॅट. सेट म्हणजे बसवणं, मांडून ठेवणं, आणि त्याची तिन्ही रूपं सेटच.

शाळेत याचा नियम सांगतात तो सकर्मक-अकर्मकचा. नियम बरोबर आहे, पण परीक्षेत वेळेवर आठवत नाही. मराठी मुलांना त्याची घोकंपट्टी करायची गरजही नाही, कारण हा फरक मराठी भूतकाळात आपण जन्मापासून करत आलो आहोत. ‘आजी बसली’, पण ‘आजीने कोंबडी बसवली’. ‘भाव वाढले’, पण ‘दुकानदाराने भाव वाढवले’. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्म मागतं. चार वर्षांचं पोरही ‘आजीने बसली’ म्हणणार नाही. तेव्हा इंग्रजी वाक्य मनात मराठीत भूतकाळात बोलून बघायचं. ‘ने’ आला तर लेड, रेझ्ड, सेट. नाही आला तर ले, रोज, सॅट.

ही युक्ती भूतकाळाच्या स्वाध्यायाला इतकी चपखल बसते, कारण मराठीतला ‘ने’ हा फरक दाखवतो तो भूतकाळातच. वर्तमानकाळात ‘आजी बसते’ आणि ‘आजी कोंबडी बसवते’ या दोन्ही वाक्यांत आजी तशीच राहते, कानाला काही खटकत नाही.

आता गावाकडच्या एका सकाळीवर हे करून बघू. सूर्य उगवला. ‘ने’ नाही, म्हणून ‘रोज’. कोंबडीने अंडं घातलं. ‘ने’ आला, म्हणून ‘लेड’. अंडं गवतात पडून होतं. ‘ने’ नाही, म्हणून ‘ले’. भाचीचं अडलेलं वाक्य इथे सुटतं. आजीने टोपली खाली ठेवली: ‘सेट’. मग आजीने झापाचं दार वर उचललं: ‘रेझ्ड’. एक कोंबडी खुडूक झाली होती, आजीने तिला अंड्यांवर बसवली: पुन्हा ‘सेट’, आणि खुडूक कोंबडी बसवायला इंग्रजी शेतकरी खरोखरच हेच क्रियापद वापरतात. कोंबडी मुकाट बसली: ‘सॅट’. शेवटी थकलेली आजी ओसरीवर जरा आडवी झाली. ‘ने’ नाही, म्हणून ‘ले डाउन’. ‘लेड डाउन’ नाही.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी असंख्य माणसंही बोलताना तिथे ‘लेड डाउन’ म्हणतात. त्यामुळे मालिका आणि व्हिडिओ ऐकून कानाने शिकलेलं इंग्रजी नेमकं इथे दगा देतं. माझ्या मते बोलण्यात त्यावरून कुणाला टोकू नये, पण स्वाध्यायात गुण हवे असतील तर ‘ले’च लिहावं.

आता प्रश्न असा की इंग्रजीत अशा जुळ्या जोड्या आल्या कुठून? मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण हे उत्तर मराठीच्याही घरात सापडतं. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे अशा जोड्या आहेत. अर्थातला फरक तोच: एकात आपोआप होतं, दुसऱ्यात कुणीतरी घडवून आणतं. रूपातला फरक फक्त एका स्वराचा. संस्कृतात मात्र तो नुसता स्वराचा नव्हता. ‘पतति’ म्हणजे पडतो, आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. मधला ‘अय’ हा प्रत्यय ‘करायला लावणं’ सांगतो. व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात. प्राकृतात त्या ‘अय’चा ‘ए’ झाला, पुढे मराठीच्या ‘पाडणे’त तोही उरला नाही. मागे राहिला तो लांब ‘आ’.

इंग्रजीच्या घराण्यातही हाच ‘य’ होता. गॉथिक ही त्या घराण्यातली एक नामशेष भाषा. इसवी सनाच्या ४ थ्या शतकात तीत बायबलचं भाषांतर झालं, आणि त्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. तिच्यात आपल्या तिन्ही जोड्या जुन्या रूपात भेटतात. बसणं ‘सितन’, बसवणं ‘सतयन’. पडून असणं ‘लिगन’, ठेवणं ‘लगयन’. उठण्याचं आणि उठवण्याचं नातंही तसंच, उठवण्याच्या शब्दात ‘रैसयन’ आहे. प्रत्येक जोडीत दुसऱ्या शब्दाच्या पोटात ‘य’ आहे. तो ‘पातयति’मधल्या ‘अय’चाच सख्खा भाऊ, संस्कृत आणि गॉथिक या दोघींना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला.

इंग्रजीत त्या ‘य’चं काय झालं? त्याने जाण्याआधी शेजारचा ‘अ’ आपल्याकडे ओढला आणि त्याचा ‘ए’ केला. ‘सतयन’सारख्या रूपाचं जुन्या इंग्रजीत ‘सेत्तन’ झालं, तेच आजचं सेट. ‘लगयन’सारख्या रूपाचं ‘लेज्जन’ झालं आणि पुढे घासून ले उरलं. म्हणजे ‘य’ गेला, पण जाताना स्वरावर खूण ठेवून गेला. आपल्या ‘पाडणे’तही प्रत्यय गेला आणि स्वरातला फरक मागे राहिला. रेझची कथा थोडी वेगळी आहे. राइजचा अस्सल इंग्रजी प्रयोजक ‘रिअर’ होता, मुलं किंवा जनावरं लहानाची मोठी करणं या अर्थाने तो अजून जिवंत आहे. रेझ हा शब्द व्हायकिंगांच्या उत्तरेकडच्या भाषेतून आला आणि घरच्या शब्दाला बाजूला सारून बसला.

भूतकाळाच्या रूपांचं कोडंही इथेच उलगडतं. सिट, लाय, राइज ही मूळ क्रियापदं. ती जुन्या पद्धतीने, आतला स्वर बदलून भूतकाळ करतात: सॅट, ले, रोज. ‘य’ लावून बनवलेल्या क्रियापदांना ती सोय नव्हती, त्यांना शेवटी ‘ड’चा प्रत्यय जोडावा लागला: लेड, रेझ्ड. सेटच्या शेवटी आधीच ‘ट’ होता, जोडलेला प्रत्यय त्यातच विरघळला, म्हणून सेटचा भूतकाळही सेट. कट आणि पुट यांचं जसं होतं तसंच.

आणि ‘ले’चा घोळ? तोही निव्वळ अपघात नाही. प्रयोजक बनवताना ‘य’च्या आधी जो स्वर घेत, तोच स्वर मूळ क्रियापदाच्या भूतकाळातही असे. गॉथिकमध्ये ‘बसला’ म्हणजे ‘सत’ आणि ‘बसवणं’ म्हणजे ‘सतयन’. ‘पडून होता’ म्हणजे ‘लग’ आणि ‘ठेवणं’ म्हणजे ‘लगयन’. सॅट आणि सेट यांच्यात स्वराचा फरक टिकला. लायच्या घरात मात्र शेवटचा ‘ग’ झिजून ‘य’ झाला आणि दोन्ही शब्द एकाच उच्चारावर येऊन आदळले.

‘ने’ची कसोटी काही ठिकाणी फसते, तीही ठिकाणं ओळखून ठेवावीत. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. तिथे क्रियापदाचं शेपूट बघा: ‘मी हात वर केला’ यात क्रियापद हाताबरोबर जातं, म्हणून ‘रेझ्ड’, ‘मी उठलो’ यात माझ्याबरोबर जातं, म्हणून ‘रोज’. ‘आई बाळाला पाळण्यात ठेवत होती’ अशा वाक्यातही ‘ने’ नसतो. तिथे ‘आईने ठेवलं’ असं साधं करून मगच ठरवावं.

दुसरी अडचण आपल्या बोलण्याच्या सवयीची. टेबलावर पत्र दिसलं की आपण ‘पत्र ठेवलेलं होतं’ म्हणतो, आणि ‘ठेवणं’ ऐकून हात ‘लेड’कडे जातो. इंग्रजीला इथे कुणी ठेवलं याच्याशी काही घेणं नसतं, ते नुसतं तिथे होतं, म्हणून ‘द लेटर ले ऑन द टेबल’. अशा वेळी मराठीत ‘पडून होतं’ म्हणून बघावं. ते चालत असेल तर लायचं रूप. मागे ‘हॅड’ असेल तर ‘लेन’: द लेटर हॅड लेन देअर फॉर अ वीक.

तिसरी जागा सूर्याची. सकाळी तो उगवला तेव्हा ‘रोज’ बरोबर होतं. संध्याकाळी तो मावळला, ‘ने’ लागला नाही, म्हणून ‘सॅट’ लिहाल तर चुकेल. सूर्य इंग्रजीत ‘सेट’च होतो, कुणी बसवल्याशिवाय. सिमेंट आणि जेलीही तशाच आपोआप ‘सेट’ होतात. भाचीने विचारलं, मग सूर्याला कोण बसवतं? मी म्हटलं, ही तीन वाक्यं वेगळी पाठ कर.

तिच्या वहीत पुढचं वाक्य होतं, ‘द मेन ___ द ओल्ड ट्री.’ माणसांनी जुनं झाड पाडलं. पर्याय होते फॉल आणि फेल. फॉल म्हणजे पडणं, आणि फेल म्हणजे त्याचाच ‘य’ लावून केलेला प्रयोजक, झाड पाडणं. फॉलचा भूतकाळही फेलच, म्हणजे ‘ले’चाच घोळ दुसऱ्या वेशात. तिने ओठांतल्या ओठांत ‘माणसांनी पाडलं’ म्हटलं. माणसं अनेक होती, म्हणून ‘ने’चा ‘नी’ झाला होता. मग कुणाला न विचारता तिने ‘फेल्ड’ लिहिलं.